‘पै’च्या पुढे काय?

आजोबांची १९५८ सालची जमाखर्चाची वही गावच्या घरी आहे. चुलतभावाने तिच्या पानांचे फोटो काढून पाठवले आणि मी ते टाइप करायला घेतले. मे महिन्यातल्या एका ओळीवर हात थांबला. ‘बैलाचे पै’ एवढे शब्द स्वच्छ होते, पुढचे अक्षर फोटोच्या कडेला कापले गेले होते. त्याखाली ‘दिले रु.’ आणि दोन आकडे होते. दुसरा स्पष्ट ५ होता, पहिला १ असेल किंवा ९.

डोळ्यांनी ताबडतोब वाचले: बैलाचे पैसे दिले, रुपये १५. वाक्य सरळ लागले, म्हणून ते खरेही वाटले. पण ‘पै’च्या पुढे ‘की’ असू शकते. ‘बैलाचे पैसे दिले’ म्हणजे व्यवहार मिटला. ‘बैलाचे पैकी दिले’ म्हणजे अजून देणे आहे. एका अक्षराच्या अंदाजाने आजोबांचे कर्ज फिटले असते.

अशा वेळी आधी पाहायचे ते हे, की अक्षर नेमके कुठे हरवले आहे: फोटोत की कागदावर? फोटो हलला असेल तर कागदावरचे अक्षर शाबूत असते. कॉन्ट्रास्ट वाढवून फिकी शाई उठून दिसते, पण हललेल्या फोटोत न उतरलेली रेघ त्याने परत येत नाही. म्हणून भावाला सांगितले, वही शिवणीपर्यंत उघड, फोन पानाला समांतर धर, उजेड एका बाजूने येऊ दे. नव्या फोटोने एक गोष्ट पक्की झाली: ‘पै’च्या पुढचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. ते अक्षर आता कागदावरच नाही. आकड्यावर मात्र पाणी पडून शाई पसरली होती. १ आणि ९ यांतला फरक ज्या लहानशा वळणात असतो, तेच वळण विरघळले होते.

पुसट आणि तुटलेले यांना एकच खूण लावून चालत नाही. अक्षराचा काही भाग दिसत असेल तर माझे वाचन चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहितो: [९?]. काहीच उरले नसेल तर कंसात अक्षरागणिक एक आडवी रेघ: पै[–]. प्राचीन लेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी १९३१ साली लायडन येथे अशाच खुणा ठरवल्या. त्यांत शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात आणि नष्ट झालेल्या मजकुरासाठी चौकटी कंस वापरतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही, जिथे पाठ तितकासा निश्चित नाही तिथे त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. वाचणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी कळते, की संपादकाची खात्री किती आहे.

आकड्याची उकल वहीनेच केली. पानावरचे बाकीचे खर्च मिळून ३८ रुपये होतात आणि तळाशी बेरीज आहे १३३. वजाबाकी केली की उरतात ९५. पण आजोबांचीच बेरीज चुकली असेल तर? म्हणून शिल्लक तपासली. पानाच्या सुरुवातीला १८० रुपये आहेत. त्यातून १३३ गेले की ४७, आणि पुढचे पान ४७ नेच सुरू होते. आता ९ पक्का धरता येतो. तरी मी नुसते ९५ लिहिले नाही. [९]५ लिहिले आणि खाली टीप दिली, ‘पहिला आकडा बेरजेवरून’. तो मी डोळ्यांनी वाचलेला नाही, हिशेबाने काढला आहे.

‘पै[–]’ अडूनच राहिले. वरच्या-खालच्या ओळी कुठवर जातात हे मोजले, तर फाटलेल्या जागेत एकच अक्षर मावते. ‘की’ही बसते, ‘से’ही बसते. काकूला तेवढाच तुकडा दाखवून विचारले, ‘इथे काय दिसतं?’ ‘हे पैसे आहे ना?’ असे मुद्दाम विचारले नाही, कारण शब्द आधी कानावर पडला की डोळे तोच शोधतात. काकू म्हणाली, ‘पै दिसतंय. पुढे काही नाहीच.’

जुलैच्या पानावर मात्र एक नोंद सापडली: ‘बैलाचे बाकी रु. ६०’. म्हणजे मे महिन्यात सगळे पैसे दिलेले नव्हते, आणि त्या जागी ‘पैकी’ असण्याचा संभव मोठा आहे. तरीही आजोबा ‘बैलाचे पैसे दिले’ असे ढोबळपणे लिहून बाकी नंतर नोंदवू शकत होते. बैल दोन असतील, तर ती बाकी दुसऱ्याचीही असेल.

म्हणून मजकुरात ‘बैलाचे पै[–]’ तसेच राहिले आहे. जुलैची नोंद आणि माझा तर्क खाली टिपेत आहे. उद्या कुणाला त्या बैलाची पावती सापडली, तर भरायची जागा मोकळी आहे.