थोरल्याची उचल, धाकट्याचा पगार

दोन भावांचे हार्डवेअरचे दुकान आहे असे समजू. थोरल्याने सहा लाख घातले, धाकट्याने चार. गल्ला मात्र धाकटाच सांभाळतो. वर्षाचा नफा २,९४,००० रुपये. लेखी वा तोंडी काही ठरलेले नसेल, तर १९३२च्या भागीदारी कायद्यातले तेरावे कलम लागू होते: भांडवलावर व्याज नाही, पगार नाही, नफा निम्मा-निम्मा. प्रत्येकाला १,४७,०००. ज्याने जास्त पैसा घातला तोही नाराज, आणि दिवसभर दुकानात उभा राहणाराही.

म्हणून करारनाम्यात तीन गोष्टी आल्या: भांडवलावर ८ टक्के व्याज, धाकट्याला महिना १०,००० पगार, उचलीवर १२ टक्के व्याज.

थोरल्याने ३० जूनला ४०,००० उचलले, ३० सप्टेंबरला ३०,००० आणि ३१ डिसेंबरला २०,०००. एकूण ९०,००० होतात, पण सगळी रक्कम वर्षभर त्याच्याकडे नव्हती. ३१ मार्चपर्यंत पहिली नऊ महिने राहिली, दुसरी सहा, तिसरी तीन. गुणाकार पद्धतीत रक्कम आणि महिने गुणायचे: ३,६०,०००, १,८०,००० आणि ६०,०००. बेरीज सहा लाख. म्हणजे सहा लाख रुपये एक महिना वापरल्यासारखेच झाले, आणि त्यांचे महिन्याचे १ टक्का व्याज ६,०००. पुष्कळजण घाईने एकूण उचलीवर सरासरी सहा महिन्यांचे व्याज लावतात. इथे ते ५,४०० येते. उचल वर्षभर सारखी पसरलेली असेल तरच ते चालते.

आता हे ६,००० नफ्यात मिळवले की तीन लाख होतात. त्यातून भांडवलावरचे व्याज ४८,००० आणि ३२,०००, शिवाय पगाराचे १,२०,००० वजा केले की एक लाख उरतो, प्रत्येकी ५०,०००. थोरल्याच्या पदरी निव्वळ ९२,००० आले, धाकट्याच्या २,०२,०००. दोन्हींची बेरीज पुन्हा २,९४,००० आली पाहिजे. नाही आली तर एखादी नोंद दोनदा झाली आहे किंवा राहून गेली आहे.

या सगळ्या नोंदी चालू खात्यात करायच्या. भांडवल खाते सहा लाख आणि चार लाखांवर तसेच ठेवायचे. नाहीतर थोरल्याची उचल भांडवलातून वजा होते, धाकट्याचा शिल्लक नफा भांडवलात मिसळतो आणि पुढच्या वर्षी व्याज नेमके कशावर, यावरून वाद होतो. थोरल्याच्या चालू खात्यात उचल वजा जाता २,००० जमा उरतात. धाकट्याने पगार दरमहा घेतलाच आहे, त्यामुळे त्याचे ८२,०००. हा पगार उचल म्हणून मांडून त्यावर व्याज लावणे ही नेहमीची चूक.

तोट्याच्या वर्षी मात्र कायद्याप्रमाणे भांडवलावर व्याज मिळत नाही, कारण ते नफ्यातूनच द्यायचे असते. त्या वर्षी धाकट्याला पगार मिळणार की नाही, हे करारनाम्यात स्पष्ट लिहावे.