पहिला माणूस कधी ठेवायचा? आधी परत गेलेली गिऱ्हाइकं मोजा

"सर, धंदा वाढलाय, एकट्याला झेपत नाही, माणूस ठेवू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारतो, "झेपत नाही म्हणजे नेमकं काय झेपत नाही?" यावर बहुतेक जण गप्प होतात. दमायला तर सगळ्यांनाच होतं. पण दमणं वेगळं आणि धंदा हातातून जाणं वेगळं. पगार द्यायचा तो दुसऱ्यासाठी.

आपल्या घोटीतलंच उदाहरण घेऊ. आकडे मी सोपे धरलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा तुमचं तांदळाचं छोटं दुकान आहे. इंद्रायणी पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरून विकता, सोबत थोडी डाळ आणि पोहे. महिन्याची विक्री तीन लाख. त्यावर पंधरा टक्के सुटतात, म्हणजे ४५ हजार. भाडं, वीज, पिशव्या, टेम्पो मिळून १२ हजार जातात. उरले ३३. घरखर्चाला तुम्ही २५ उचलता. हातात राहिले आठ हजार.

आता एक वही घ्या आणि दोन आठवडे गल्ल्याशेजारी ठेवा. तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या. पहिली, कोणतं काम किती वेळ केलं. दुसरी, गिऱ्हाईक थांबून कंटाळलं आणि परत गेलं, की एक रेघ आणि वेळ. लाजायचं नाही, प्रत्येक रेघ मारायची. या दोन आठवड्यांत बाजाराचा दिवस आलाच पाहिजे, नाहीतर वही खोटं बोलेल.

समजा दुकान उघडं असलेल्या १२ दिवसांत ४८ रेघा झाल्या. त्यातल्या ४० संध्याकाळी चार ते आठमधल्या. सरासरी बिल ५०० रुपये, त्यावर तुम्हाला सुटणार ७५. दिवसाला चार गिऱ्हाइकं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ गिऱ्हाइकं. ७५ ने गुणलं की ७,८०० रुपये. पूर्ण वेळ माणसाला समजा १३ हजार पगार आहे. म्हणजे परत गेलेलं एकूण एक गिऱ्हाईक परत मिळवलं तरी ५,२०० रुपये खिशातून जाणार. बरेच जण इथेच फसतात, कारण ते विक्रीकडे बघतात. "महिन्याला ५२ हजारांची विक्री बुडते, १३ हजारांचा माणूस परवडतो की!" अहो, ५२ हजारांतले ४४ हजार तर मालाचेच आहेत. पगार विक्रीतून निघत नाही, सुटलेल्या पैशातून निघतो.

आता फक्त चार ते आठचं बघू. ४० रेघा, १२ दिवस. महिन्याला साधारण ८७ गिऱ्हाइकं, म्हणजे ६,५०० रुपये. चार तासांचा माणूस अर्ध्या पगारात, ६,५०० मध्ये ठेवला तर बरोबरीत सुटतं. पण खरं सांगायचं तर सगळी गिऱ्हाइकं परत येत नाहीत, आणि गेलेल्यातलं एखादं रात्री पुन्हा येऊन घेऊनही गेलेलं असतं. म्हणून मी निम्मीच धरतो. उरलेले ३,२५० कुठून येणार? तुमच्या मोकळ्या झालेल्या चार तासांतून. हायवेवर हॉटेलं आणि ढाबे आहेत. एका हॉटेलला आठवड्याला ५० किलो, किलोला ६० चा भाव, मार्जिन कमी करून दहा टक्के धरलं तर आठवड्याचे ३००, महिन्याचे १,२००. अशी तीन हॉटेलं बांधली की ३,६००. तेव्हा माणूस यायच्या आधी स्वतःला विचारा, ते चार तास मी कुठे लावणार? गल्ल्यावर दोघं बसून चहा पिणार असाल तर नका ठेवू.

वहीची दुसरी बाजू फ्रीलान्सरसाठी. तिथे तुम्हाला अशी कामं दिसतील जी करायलाच लागतात, पण अमुक वेळेलाच हवीत असं नसतं, आणि त्यांना वेगळं कसब लागतं. पिशवीचं डिझाइन, दुकानाचे फोटो, जीएसटीचं रिटर्न. (२५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, त्यामुळे हिशेब नीट ठेवावाच लागतो.) अशा कामाला महिन्याचा माणूस नको. काम ठरवा, रक्कम ठरवा, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल ते ठरवा, थोडा ॲडव्हान्स द्या. पण संध्याकाळी काउंटरवर उभं राहायला फ्रीलान्सर मिळत नसतो. गिऱ्हाईक ज्या वेळेला येतं त्या वेळेला तिथे माणूसच लागतो.

इथे एक चलाखी चालते. माणूस रोज तुमच्या दुकानात, तुमच्या वेळेत, तुमच्या सांगण्यावर काम करतो आणि कागदावर मात्र तो "फ्रीलान्सर". नाव बदलल्याने नातं बदलत नाही. वाद झाला तर तो कामगारच धरला जाण्याची शक्यता मोठी.

कायद्याचं फार घाबरू नका, पण माहीत असू द्या. एक-दोन माणसांच्या दुकानाला २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पीएफ आणि ईएसआयचे नियमही इतक्या छोट्या दुकानाला सहसा लागत नाहीत. किमान वेतन मात्र एका माणसालाही लागू आहे. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून चालू दर कामगार कार्यालयातून बघूनच पगार ठरवा. माझे १३ हजार हे फक्त गणितापुरते. दुसरं, व्यवसाय कर. पुरुष कामगाराचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला, किंवा महिलेचा २५ हजारांच्या वर गेला, की तो कापून भरायची जबाबदारी तुमची, आणि त्यासाठी पीटीआरसी नंबर काढावा लागतो. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. आपल्या ६,५०० वाल्या पार्ट-टाइम माणसाला हे लागत नाही.

आपल्या भागातली एक अडचण पुण्या-मुंबईचे ट्रेनर सांगणार नाहीत. जुलैत आवणी सुरू झाली की आजूबाजूच्या गावांतली पोरं शेतावर जातात. तुमचा पार्ट-टाइम माणूसही जाईल, आणि त्याचं चुकत नाही. त्याच दिवसांत पावसामुळे दुकानातली गर्दीही कमी असते. म्हणून ठेवतानाच बोलून घ्या, "आवणीचे पंधरा दिवस बिनपगारी सुट्टी, दिवाळीत मात्र एकही खाडा नाही." कामाची वेळ, पगाराची तारीख, सुट्टी एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा. पुतण्या असला तरी करा. पुतण्या असला तर नक्कीच करा! पगार खात्यावर टाका. पहिला महिना उधारीची वही त्याच्या हातात देऊ नका, आणि पैसे घेण्याचा क्यूआर तुमच्याच खात्याचा ठेवा.

पार्ट-टाइम माणूस आला की वही बंद करायची नाही. रेघा मारत राहा. आता सकाळी अकरा-बाराच्या वेळेलाही रेघा पडायला लागल्या, सलग तीन महिने पडल्या, आणि त्या तीनमधला एक महिना पावसाळ्याचा होता, तर पूर्ण वेळ माणसाचं गणित पुन्हा मांडा. बँकेत तीन पगार बाजूला असतील, म्हणजे आपल्या हिशेबाने ३९ हजार, तेव्हा त्याच पोराला आधी विचारा, "पूर्ण वेळ येतोस का?" त्याला भाव पाठ आहेत, गिऱ्हाइकं ओळखीची झालीत, नवीन माणसाला ते शिकवायला तुमचा महिना जाईल.