स्टीम अकाउंट हॅक झालंय? आधी पेमेंटचा पुरावा शोधा

समजा, डोंबिवलीतल्या एका पोराने 'आमच्या टीमला व्होट दे' अशा लिंकवर स्टीमचं लॉगिन केलं आणि थोड्याच वेळात ईमेल, पासवर्ड दोन्ही बदलले. नवीन अकाउंट काढू नका. help.steampowered.com वर चोरीला गेलेल्या अकाउंटचा पर्याय निवडा. जुना ईमेल आणि फोन नंबर चालत नसतील, तर तसं तिथे सांगा.

सपोर्टला हवा असतो मालकीचा पुरावा. नुसतं नाव किंवा प्रोफाइलचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. गेम ज्या कार्डाने घेतला त्याचे शेवटचे चार आकडे किंवा पेमेंटचा व्यवहार क्रमांक द्या. यूपीआयने घेतला असेल तर तो क्रमांक अ‍ॅपच्या हिस्टरीत सापडतो. पैसे बाबांच्या खात्यातून गेले असतील तर त्यांचाच फोन उघडा. डबाबंद गेमची की असेल तर तिचा फोटोही द्या. पासवर्ड मात्र सपोर्ट कधीच मागत नाही.

अकाउंट परत मिळालं की पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा. सगळी डिव्हाइसेस लॉगआउट करा, स्टीम गार्ड मोबाइलवर लावा. steamcommunity.com/dev/apikey इथे अनोळखी की दिसली तर ती रद्द करा. हे बहुतेकजण विसरतात आणि चोर त्याच कीने ट्रेड ऑफर्सवर लक्ष ठेवतो. पैसेही गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 ला फोन करा.