आयर्विनची पातळी चारशे मोबाइलवर, तीही फुकटात

कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, की सातारा-सांगलीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आयर्विनला किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये नदी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हापासून हे आकडे मोबाइलवर वेळेत मिळावेत म्हणून गावोगावचे तरुण धडपडताना दिसतात. सरकारी इशारे येतातच, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲपही आहे. पण सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरात 40 फुटांच्या आतच पाण्याची धास्ती सुरू होते आणि काठच्या शेतकऱ्याला नदीतली मोटार त्याच्याही आधी काढायची असते. त्यांना आपल्या भागापुरती, आपल्या आकड्यावरची सूचना हवी असते.

पातळी वाचून संदेश तयार करणारा प्रोग्रॅम कोणीही अभियांत्रिकीचा विद्यार्थी एका संध्याकाळी लिहील. तो संदेश कोणत्या सेवेने पाठवायचा, इथे खरी अडचण येते. समजा, भिलवडी परिसरातल्या चारशे जणांना पुराच्या दिवसांत दर तासाला सूचना द्यायची आहे. म्हणजे दिवसाला 24 संदेश.

पहिली चूक इथेच होते. फुकट मर्यादा वाचताना लोक महिन्याचा आकडा बघतात, पण सेवा नेमके काय मोजते ते बघत नाहीत. साधे जीमेल खाते दिवसाला 500 जणांपर्यंत मेल पाठवू देते. चारशे जणांना पहिला मेल गेला की शंभरच उरतात, त्यामुळे दुसऱ्याच तासाला खाते अडते. इथे मोजणी माणसांची आहे. याउलट `ntfy.sh` या खुल्या सेवेत दिवसाला 250 संदेश फुकट मिळतात आणि एका विषयावर टाकलेला संदेश चारशे जणांनी वाचला तरी तो एकच धरतात. चोवीस संदेशांना तो कोटा भरपूर होतो.

एसएमएसचे गणित मराठीत आणखी बिघडते. हा संदेश पाहा: “आयर्विन पूल, सांगली: 40 फूट. इशारा पातळी. पाणी वाढते आहे. मोटारी काढा.” काना, मात्रा, मोकळ्या जागा धरून ही नेमकी 70 चिन्हे होतात, आणि देवनागरीतल्या एका एसएमएसची मर्यादाही 70 चीच आहे. पुढे “पुढची खबर 8 वाजता.” एवढे जोडले की दोन एसएमएसचे पैसे लागतात. चारशे माणसे, चोवीस तास, प्रत्येकी दोन: दिवसाचे 19,200 एसएमएस. शिवाय ट्रायच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची, त्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटीवर आधी नोंदणी करावी लागते. पाणी चढू लागल्यावर त्या खटपटीला वेळ नसतो. चार मित्रांच्या उपक्रमाला एसएमएस रोजच्या वापरासाठी परवडणारच नाही.

मग `ntfy` घ्यावे का? वापरायला त्याच्याइतके सोपे दुसरे काही नाही.

```
curl -H "Priority: urgent" \
  -d "आयर्विन पूल: 40 फूट. मोटारी काढा." \
  ntfy.sh/krishna-bhilavadi-7x2
```

खाते उघडावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही. पूरसूचनेसाठी नेमका तोच धोका आहे. फुकट सेवेत विषयाचे नाव हेच कुलूप आणि हीच किल्ली. ते नाव चारशे जणांना सांगावेच लागते आणि ज्याला नाव माहीत आहे त्याला त्यावर संदेशही टाकता येतो. मध्यरात्री कोणी “50 फूट” असे लिहून टाकले, तर खरे-खोटे ओळखायला वाचणाऱ्याकडे काहीच साधन नसते. विषय राखीव करायचा तर पैसे मोजावे लागतात, नाहीतर स्वतःचा सर्व्हर चालवून `ntfy access` या आज्ञेने इतरांना फक्त वाचण्याची मुभा द्यावी लागते. दुसरा अडथळा लवकर लक्षात येत नाही. हा कोटा पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यावर मोजतात. प्रोग्रॅम एखाद्या फुकट क्लाउडवर असेल, तर त्याच पत्त्यावरून अनोळखी लोकही संदेश पाठवत असतात आणि त्यांचा वापर आपल्या कोट्यात धरला जातो. अशा वेळी उत्तरात 429 हा क्रमांक येतो. प्रोग्रॅमने तो वाचलाच नाही, तर पाठवणाऱ्याला वाटते संदेश गेला, आणि इकडे कोणाचाच फोन वाजलेला नसतो.

टेलिग्रामचा बॉट या कसोटीवर सरस ठरतो. त्याला पैसे लागत नाहीत. बॉट चॅनेलचा ॲडमिन केला की एक संदेश सगळ्यांना जातो आणि ॲडमिनखेरीज कोणाला तिथे लिहिता येत नाही. प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवायचा झाला, उदाहरणार्थ कोणाला 30 फुटांना तर कोणाला 38 ला, तरी सेकंदाला साधारण 30 संदेशांच्या मर्यादेत चारशे जणांचे काम पंधरा सेकंदांच्या आत उरकते. उणीव एकच: गावातले सगळे लोक व्हॉट्सॲपवर आहेत. पण व्हॉट्सॲपच्या अधिकृत व्यावसायिक सेवेत आपणहून पाठवलेल्या सूचनेला दर संदेशामागे पैसे पडतात आणि अनधिकृत जुगाड वापरले तर क्रमांकच बंद होण्याची भीती असते. तिथे चॅनेल काढून हाताने संदेश टाकणे हाच सरळ मार्ग आहे.

आता सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न: सेवा बदलावी लागली तर? जपानमध्ये लोकप्रिय असलेली ‘लाइन नोटिफाय’ ही फुकट सेवा 31 मार्च 2025 ला बंद झाली. तिच्यावर उभ्या असलेल्या छोट्या उपक्रमांना नवा कोड लिहावा लागला आणि लोकांना नव्याने जोडून घ्यावे लागले. कंपनीने सुचवलेल्या पर्यायात जपानमधल्या फुकट योजनेला महिन्याला 200 संदेशांची मर्यादा होती, तीही माणसागणिक मोजलेली. गूगलच्या फायरबेसने 2024 मध्ये संदेश पाठवण्याची जुनी पद्धत बंद केली, तेव्हा मात्र इतके हाल झाले नाहीत. पाठवणाऱ्याला कोड बदलावा लागला, पण फोनमधले जुने टोकन चालूच राहिले, त्यामुळे घेणाऱ्याला काही करावे लागले नाही.

फरक पडतो तो लोकांच्या पत्त्यांमुळे. टेलिग्रामचा `chat_id` दुसऱ्या सेवेत निरुपयोगी, फायरबेसचे टोकन त्या ॲपपुरतेच आणि `ntfy` वर तर कोण ऐकते आहे त्याची यादीच पाठवणाऱ्याला मिळत नाही. कोड एका दुपारी बदलता येतो. चारशे माणसांना, त्यातही साठीच्या पुढच्या शेतकऱ्यांना, नवे ॲप उतरवून द्यायला आठवडे जातात. सगळीकडे चालणारा पत्ता एकच, मोबाइल क्रमांक. म्हणून लोकांना जोडतानाच त्यांच्या संमतीने नाव, क्रमांक आणि ‘किती फुटांना कळवू’ एवढे तीन रकाने स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये भरून घ्यावेत आणि ती यादी सेवेच्या हवाली करू नये. प्रोग्रॅममध्येही संदेश पाठवण्याचे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवावे, म्हणजे सेवा बदलताना तेवढाच तुकडा बदलावा लागतो.

भिलवडीच्या उदाहरणात निवड अशी होईल: टेलिग्रामचे चॅनेल, त्याच मजकुराचे हाताने चालवलेले व्हॉट्सॲप चॅनेल आणि ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांच्यासाठी वहीतल्या क्रमांकावर कॉल. चाचणी मे महिन्यात, नदीचे पाणी कमी असताना घ्यावी. ‘चाचणी’ असे ठळक लिहून संदेश सोडावा आणि कोणाच्या फोनवर तो उशिरा आला ते यादीवरून विचारत जावे. अनेक फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला मागे झोपवते. त्या फोनच्या सेटिंगमध्ये टेलिग्रामला बॅटरीच्या निर्बंधातून वगळले, की पुढचा संदेश पुन्हा पाठवून तपासता येतो.