दोन रेघा उमटल्या, आता गोळीचं काय?

घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या की कितीतरी घरांत त्याच दिवशी डिप्रेशनची किंवा घबराटीची गोळी बंद होते. बंद करणारा बहुतेक वेळा मानसोपचारतज्ज्ञ नसतो. कधी ती बाईच घाबरून गोळी सोडते, कधी सासूबाई म्हणतात, "आता बाळाचा विचार कर." कधी मेडिकलवाला स्ट्रिप उलटी करून बघतो आणि "ही प्रेग्नन्सीत चालत नाही" असं सांगून टाकतो. गोळी चालू ठेवणं आणि विचार करून हळूहळू कमी करणं, या दोन्ही वाटा बरोबर असू शकतात. एका दिवसात ती सोडून देणं मात्र जवळजवळ कधीच बरोबर नसतं, आणि आपल्याकडे सर्रास तेच होतं.

एक उदाहरण घेऊ. वैशाली हे कल्पित नाव आहे, पण तिच्यासारख्या बायका मानसोपचाराच्या कुठल्याही ओपीडीत भेटतात. वय २९, चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. कॉलेजात असताना तिला एकदा डिप्रेशन आलं होतं. २७व्या वर्षी दुसऱ्यांदा आलं ते फार वाईट होतं. झोप नाही, जेवण नाही, दीड महिना कामावर जाता आलं नाही आणि जीव द्यावा असे विचार रोज येत होते. औषधाने ती सावरली. गेलं जवळपास वर्षभर ती ठीक आहे. रात्री एक गोळी घेते: एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपॅम अर्धा मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते. सहाव्या आठवड्यात दिवस गेल्याचं कळलं आणि तिने त्याच रात्री ती सोडली.

चौथ्या दिवशी गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं, मळमळ, छातीत धडधड, झोप गायब. घरचे म्हणाले, "दिवस गेलेत, असं होणारच." मळमळ गरोदरपणाचीही असू शकते. पण डोक्यातले झटके गरोदरपणाचे नसतात, ते औषध अचानक सुटल्याचे असतात. क्लोनाझेपॅम एकदम बंद झालं की अस्वस्थता आणि निद्रानाश उसळून येतात, आणि मोठा डोस खूप दिवस घेतलेला असेल तर फिटही येऊ शकते.

आता खरा प्रश्न: ही गोळी बाळाला काय करते?

आधी हे लक्षात ठेवायला हवं की कुठलंही औषध न घेतलेल्या बायकांच्या बाळांतही १०० पैकी २ ते ३ बाळांत जन्मतः काही ना काही मोठा दोष असतो. प्रश्न त्यात औषधाने किती भर पडते, एवढाच आहे. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांच्या गटावर सगळ्यात जास्त संशय होता तो हृदयाच्या दोषांबाबत. पॅरॉक्सेटिन या त्याच गटातल्या औषधाबाबत २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला आणि तेव्हापासून गरोदरपणात ते नव्याने सुरू करणं टाळतात. बाकीच्यांबाबत २०१४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेनऊ लाखांच्या आसपास गर्भारपणांची नोंद होती. वरवर पाहिलं तर गोळी घेणाऱ्या आयांच्या बाळांत हृदयाचे दोष २५ टक्क्यांनी जास्त दिसत होते. पण गोळी घेणाऱ्या बायकांना डिप्रेशन असतं, आणि डिप्रेशनबरोबर सिगारेट, मधुमेह, जास्त वजन, इतर औषधं अशा गोष्टीही जास्त आढळतात. म्हणून संशोधकांनी डिप्रेशन असूनही गोळी न घेणाऱ्या बायकांशी तुलना केली आणि बाकीचे फरकही हिशेबात धरले. तेव्हा तो २५ टक्क्यांचा फरक सहावर आला, आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

या सगळ्या विषयाची मेख इथे आहे. "गोळी की काहीच नाही" अशी तुलना आपण करतो, आणि ती चुकीची आहे. वैशालीपुढचा पर्याय गोळी की आजार, असा आहे.

आजाराचाही बाळावर परिणाम होतो. उपचार न झालेल्या डिप्रेशनमध्ये बाई नीट जेवत नाही, तपासण्या चुकवते, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पडून राहतात, मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती वाढते. वेळेआधी प्रसूती आणि बाळाचं कमी वजन यांचाही त्याच्याशी संबंध दिसला आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या कामात गरोदरपणातल्या आईच्या मानसिक त्रासाचा बाळाच्या कमी वजनाशी संबंध आढळला. त्याच कामात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्के डिप्रेशनमध्ये होत्या.

मग गोळी बंद केल्यावर आजार परत येण्याची शक्यता किती? बॉस्टनच्या ली कोहेन यांच्या गटाने २००६ मध्ये याचं उत्तर शोधलं. आधी डिप्रेशन होऊन गेलेल्या आणि औषधावर बऱ्या असलेल्या गरोदर बायकांपैकी ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यात २६ टक्क्यांना आजार उलटला. ज्यांनी बंद केली त्यांच्यात ६८ टक्क्यांना. हे आकडे अनेकदा सरसकट सगळ्यांना लावले जातात, आणि ते मला पटत नाही. त्या बायका विशेष केंद्रांत आलेल्या होत्या, त्यांना वारंवार आणि तीव्र आजार झालेला होता. २०११ मध्ये साध्या प्रसूती दवाखान्यांतल्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. ज्यांना आधी चार किंवा जास्त वेळा आजार झाला होता, त्यांना मात्र धोका जास्त होता. थोडक्यात, उत्तर त्या बाईच्या इतिहासात आहे. आयुष्यात एकदाच सौम्य डिप्रेशन आलं, बरी होऊन बराच काळ गेला आणि जवळपास समुपदेशन मिळतंय, अशी बाई डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळी कमी करून बघू शकते, शक्यतो दिवस राहण्याच्या आधीच. वैशालीचा दुसरा झटका आत्महत्येच्या विचारांपर्यंत गेला होता. तिच्यासाठी पारडं गोळीकडे झुकतं. शिवाय आता बंद केली आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आजार उलटला, तर तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतील, कदाचित जास्त डोसने आणि सोबत आणखी एखादी. म्हणजे बाळाच्या वाट्याला आजारही येईल आणि औषधही.

तिच्या मानसोपचारतज्ज्ञाने आधी दोन गोष्टी विचारल्या. पूर्वी कधी झोपेशिवाय अतिउत्साहाचे, उधळपट्टीचे दिवस आले होते का? कारण तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि नुसती डिप्रेशनची गोळी त्याला चालत नाही. आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? व्हॅलप्रोएट असतं तर सगळं चित्रच बदललं असतं. त्याने दोष होण्याचं प्रमाण १०० मध्ये १० च्या आसपास जातं आणि मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होतो. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण थकवा आणि उदासी तिथूनही येते.

मग त्यांनी जोडगोळी सोडवली. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: एकाच गोळीत दोन औषधं असली की एक कमी करून दुसरं तसंच ठेवता येत नाही. म्हणून एस्सिटालोप्रॅम १० ची साधी गोळी वेगळी आणि क्लोनाझेपॅम वेगळं लिहिलं. पहिलं तसंच ठेवलं. ते वैशालीला लागू पडलेलं आहे, म्हणून उगाच सर्ट्रालिनवर नेलं नाही. बदललं असतं तर बाळाचा संबंध एकाऐवजी दोन औषधांशी आला असता आणि नवं लागू पडेलच याची खात्री नव्हती. गरोदरपणात पहिल्यांदाच औषध सुरू करायचं असतं, तर सर्ट्रालिनचा विचार आधी झाला असता. क्लोनाझेपॅम मात्र काही आठवड्यांत, पाव-पाव गोळीने उतरवलं. अशा औषधांनी बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगतो ही जुनी भीती पुढच्या मोठ्या अभ्यासांत फारशी टिकली नाही. पण शेवटच्या महिन्यांत ती रोज घेतली तर बाळ जन्मल्यावर सुस्त, सैल पडू शकतं आणि दूध नीट ओढत नाही. घबराटीसाठी रोजचा आधार हवा असेल तर तो एस्सिटालोप्रॅमच्याच गटाचा असावा. क्लोनाझेपॅम किंवा अल्प्राझोलॅम लागलंच तर थोड्या दिवसांपुरतं.

पाचव्या महिन्यात नेहमीची सोनोग्राफी झाली, सगळं नीट होतं. सातव्या महिन्यात तिला पुन्हा पहाटे तीनला जाग यायला लागली आणि आईचे फोन ती उचलेना. झोप आणि भूक गरोदरपणातही बिघडतात, त्यामुळे त्यांवरून आजार ओळखता येत नाही. आनंद वाटेनासा होणं, सारखा अपराधी भाव, माणसं टाळणं यांवरून येतो. नवऱ्याला तिच्या या दोन खुणा आधीच सांगून ठेवल्या होत्या, म्हणून तो तिला लगेच घेऊन आला. या महिन्यांत शरीरातलं पाणी वाढतं, यकृत बरीच औषधं लवकर निपटतं आणि तोच डोस कमी पडू शकतो. डोस १५ केला. शेवटच्या महिन्यांत वाढवलेला डोस बघून घरचे घाबरतात. पण डोस वाढला म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असा त्याचा अर्थ नसतो.

शेवटच्या महिन्यांतले धोके खरे आहेत आणि ते लपवू नयेत. गोळी घेणाऱ्या आयांची अंदाजे १०० पैकी ३० बाळं पहिले काही दिवस किरकिरी असतात, थरथरतात, भराभर श्वास घेतात, नीट पीत नाहीत. बहुतेकांचं हे काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. फुप्फुसातला रक्तदाब वाढण्याचा एक गंभीर पण दुर्मीळ आजार आहे. तो एरवी १,००० बाळांत दोघांना होतो, गोळी घेणाऱ्यांत तिघांना. "दीडपट धोका" अशी बातमी होते ती याचीच. प्रसूतीनंतर रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, म्हणून डिलिव्हरी करणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच माहीत हवं. हे टाळायला प्रसूतीच्या आधी गोळी थांबवावी असा सल्ला कुणी देतं, पण त्यातून बाळाचा फायदा होतो असं ठामपणे दिसलेलं नाही, आणि आईचा आजार उलटायला याहून वाईट वेळ नाही. बाळंतपणानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक असतात. अंगावर पाजायला सर्ट्रालिन सर्वांत निर्धोक मानतात, कारण ते दुधात फारच थोडं उतरतं. एस्सिटालोप्रॅमवरही बहुतेक आया पाजू शकतात, फक्त बाळ फार झोपतं का, वजन वाढतंय का, हे बघायचं.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो तो पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याने. सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, आणि नव्या दवाखान्याच्या फाइलमध्ये रोजच्या गोळीचा उल्लेखच नसतो. किंवा "आईकडे कळायला नको" म्हणून ती गोळ्या सासरीच ठेवून जाते. म्हणून निघतानाच एका कागदावर औषधाचं नाव, डोस, केव्हापासून चालू आहे, आजार उलटल्याच्या खुणा, मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर आणि "जन्मानंतर बाळाला दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवावं" एवढं लिहून घ्यावं. त्याची एक प्रत तिथल्या प्रसूतितज्ज्ञाला आणि एक बालरोगतज्ज्ञाला द्यावी. गोळ्या दोन महिने पुरतील एवढ्या सोबत असाव्यात. जीव नकोसा वाटतोय असं ती म्हणाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ रात्रीही उचलली जाते आणि तिथे मराठीत बोलता येतं.