फिरतं चक्र आणि एक पावती

एका पतसंस्थेच्या संचालकांसमोर मी आमचं सॉफ्टवेअर दाखवत होतो. थकबाकीची यादी उघडायची होती. तिला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, म्हणून बटण दाबण्याआधीच सांगितलं, "आता हे तिन्ही शाखांची सगळी कर्जखाती तपासणार. दहा-बारा सेकंद लागतील." चक्र फिरू लागल्यावर हेच वाक्य सबब वाटतं, आधी बोललं की माहिती ठरते. पडद्याच्या प्रतिसादाविषयी जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये लिहिलेला हिशेब अजून वापरात आहे: एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं.

ते दहा सेकंद मी स्वतः बोलून भरत नाही, समोरच्याला विचारतो. "सध्या ही यादी कशी काढता?" वसुली अधिकारी म्हणाले, "प्रत्येक शाखेची एक्सेल मागवतो, मग जुळवत बसतो. दोन दिवस जातात." तेवढ्यात यादी आली. तिची बाजू त्यांनीच मांडली होती.

घोळ पुढे झाला. हप्त्याची पावती भरून सेव्ह दाबलं आणि काहीच होईना. अर्धं मिनिट पावतीतल्या रकान्यांविषयी बोललो, मग बोलणं संपलं. मिनिटभराने पांढऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली: `504 Gateway Timeout`.

इथे हात आपोआप पुन्हा सेव्हकडे जातो. तो आवरावा. या संदेशाचा अर्थ 'पावती झाली नाही' असा नसतो. मधल्या सर्व्हरने ठरलेली मुदत, बऱ्याच ठिकाणी ६० सेकंद, वाट पाहिली आणि मागच्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, एवढाच तो अर्थ. मागे काम चालूच असू शकतं. पुन्हा दाबलं तर एका हप्त्याच्या दोन पावत्या पडण्याची भीती, तीही संचालकांच्या डोळ्यांदेखत.

मी संदेश मोठ्याने वाचला, वेळ वहीत टिपली आणि म्हणालो, "उत्तर वेळेत आलं नाही. पावती नोंदली गेली की नाही, हे आत्ता मला माहीत नाही. पाच मिनिटांनी खातेउतारा उघडून तुमच्यासमोरच बघू." तोवर आदल्या दिवशी काढून ठेवलेली छापील पावती दाखवली; ती कालची आहे, हेही सांगितलं. 'सकाळी तर चालत होतं' हे वाक्य मात्र गिळलं. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याच्या काय कामाचं?

मधल्या वेळात ऑफिसला मेसेज टाकला. कारण साधं निघालं: त्याच चाचणी सर्व्हरवर एक सहकारी दिवसअखेरची प्रक्रिया चालवत होता. तिने खात्यांना लॉक लावलं होतं आणि माझी पावती रांगेत अडकली होती. तेव्हापासून डेमोचा सर्व्हर आम्ही वेगळा ठेवतो.

पाच मिनिटांनी उतारा उघडला. पावती एकदाच पडली होती.