कृत्रिम मिश्रचित्राचे विवर्धन

मिश्रचित्राचे विवर्धन किंवा अपस्केलिंग म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केलेल्या, अनेक घटक एकत्र जोडलेल्या चित्रातील पिक्सेलची संख्या वाढवून ते मोठ्या आकारात छापण्यायोग्य करणे होय. या प्रक्रियेत चेहऱ्यांचा तपशील सर्वांत आधी बिघडलेला जाणवतो. झाडाचे पान थोडे बदलले तर लक्षात येत नाही. पापणीची कड बदलली तर व्यक्तीच निराळी वाटू लागते.

## कारण

विवर्धनाची प्रणाली हरवलेला तपशील परत मिळवत नाही. शिकलेल्या नमुन्यांवरून तो अनुमानाने भरते. २०२० साली ‘पल्स’ या प्रणालीने बराक ओबामा यांच्या धूसर छायाचित्रापासून एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा तयार केला होता. म्हणून चित्रात खऱ्या व्यक्तीचा चेहरा असल्यास अनुमानावर विसंबू नये. मूळ छायाचित्राची मोठी प्रत त्या जागी जोडणे आवश्यक ठरते.

## उदाहरण

१०२४ × १५३६ पिक्सेलचे समूहचित्र २४ × ३६ इंची भित्तिपत्रकावर छापायचे आहे, असे मानू. हातभर अंतरावरून पाहण्यासाठी दर इंचाला १५० पिक्सेल सामान्यतः पुरेसे होतात. म्हणजे ३६०० × ५४०० पिक्सेल हवेत. चित्र चौपट केल्यास ४०९६ × ६१४४ पिक्सेल मिळतात आणि शेवटी ते किंचित लहान करता येते.

परंतु समूहातील एक चेहरा मूळ चित्रात ९० पिक्सेल रुंद असेल, तर त्यातील एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम १८ पिक्सेल येतात. छापताना हाच चेहरा सुमारे दोन इंच रुंद होतो आणि मुळातली अस्पष्टता उघडी पडते.

## चेहऱ्याचे स्वतंत्र संस्करण

यावर उपाय म्हणून चेहऱ्याभोवतीचा २५६ पिक्सेलचा चौकोन मूळ चित्रातून कापून १०२४ पिक्सेलचा केला जातो आणि तेवढाच भाग प्रतिमानिर्मितीच्या प्रणालीकडून पुन्हा रंगवून घेतला जातो. बदलाची तीव्रता ०.३ च्या आसपास ठेवल्यास चेहरेपट्टी बहुधा टिकते. ती फार वाढविल्यास नवाच चेहरा उमटतो. उर्वरित चित्र स्वतंत्रपणे चौपट केले जाते. दोन्हींचे प्रमाण समान असल्याने तयार चौकोन कडा विरळ करून नेमका मूळ जागी बसतो.

## तपासणी

चेहरा गुळगुळीत आणि मान खरखरीत दिसणे, दात एकसंध पट्टीसारखे होणे, दोन्ही डोळ्यांतील प्रकाशबिंदू विसंगत असणे ही बिघाडाची लक्षणे होत. त्वचेतील फरक संपूर्ण चित्रावर अखेरीस एकसारखे बारीक कण मिसळून कमी करता येतो. दात व डोळ्यांतील दोषांसाठी मात्र चौकोन पुन्हा रंगवावा लागतो. पडद्यावर हे दोष सहज निसटतात. त्यामुळे पूर्ण छपाईपूर्वी केवळ चेहऱ्याचा भाग प्रत्यक्ष आकारात ए-४ कागदावर छापून पाहतात.